श्रावणीची शर्वाणी झाली: जन्म दाखल्यातल्या स्पेलिंगसाठी निबंधकांना पत्र

प्रश्न: मुलीचा जन्म १२ फेब्रुवारी २०२४ चा, धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यातला. तेव्हा नाव टाकलं नव्हतं, जूनमध्ये मनपाच्या झोन ऑफिसात अर्ज देऊन टाकलं. दाखल्यावर मराठीत ‘श्रावणी’ बरोबर आहे, पण इंग्रजीत SHARVANI आलं. आमचं लक्षच गेलं नाही. आता पासपोर्टसाठी SHRAVANI पाहिजे. दवाखानेवाले म्हणतात मनपात जा, मनपावाले म्हणतात दवाखान्याचं पत्र आणा, एजंट म्हणतो गॅझेट करा. मी पत्र लिहून ठेवलं आहे, त्याचा विषय असा: ‘माझ्या मुलीचे नाव Sharvani वरून Shravani असे बदलून मिळणेबाबत.’ हे चालेल का? आम्ही मानेवाड्याला राहतो.

उत्तर:

नाही चालणार, आणि त्याला कारण तुमच्या विषयाच्या ओळीतला ‘बदलून’ हा एकच शब्द.

मी विदर्भातल्याच एका नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढली. आता निवृत्त होऊन नागपुरात असतो आणि ओळखीपाळखीच्या लोकांना असलेच अर्ज लिहून देतो. त्या टेबलासमोर रोज दोन प्रकारची माणसं उभी राहतात. एकाच्या नोंदीत खरोखर चूक झालेली असते. दुसऱ्याला नाव पालटायचं असतं, कारण पत्रिका काढल्यावर अक्षर वेगळं निघालं किंवा आत्याला पहिलं नाव आवडलं नाही. पहिल्याचं काम कायद्यात बसतं, दुसऱ्याचं बसत नाही. एकदा नोंदवलेलं नाव आईवडिलांच्या मर्जीनं बदलायचा अधिकार निबंधकाला नाही. त्यामुळे ‘बदलून’ वाचलं की बाबू पुढचं वाचतच नाही. तो तुम्हाला दुसऱ्या रांगेत टाकतो आणि वाटेला लावायला काहीतरी सांगतो: दवाखान्याचं पत्र आणा, गॅझेट आणा, साहेब नाहीत.

तुमच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. SHRVANI किंवा SHRAVNAI असं काही छापून आलं असतं तर ते बघताक्षणी चूक म्हणून कळलं असतं. पण शर्वाणी हे खरंच मुलीचं नाव आहे, पार्वतीचं. समोरच्या माणसाला हे ‘एका नावाऐवजी दुसरं नाव’ वाटणं साहजिक आहे. म्हणून तुमच्या पत्राला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: मुलीचं नाव पहिल्या दिवसापासून श्रावणीच आहे आणि इंग्रजी रकान्यात ते टंकताना चुकलं.

आता कायदा थोडक्यात, कारण पत्रात तो एका ओळीत यायला हवा. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चं कलम १५ म्हणतं की नोंदीत चूक असल्याची निबंधकाची खात्री पटली तर तो ती दुरुस्त करू शकतो. मूळ नोंद मात्र खोडायची नाही. समासात दुरुस्तीची नोंद घ्यायची, तिच्यावर सही करायची, तारीख टाकायची. ती कशी करायची हे महाराष्ट्राच्या २००० सालच्या नियमांतल्या नियम ११ मध्ये आहे, आणि तिथे चुकीचे दोन प्रकार केले आहेत. लेखनिक चूक असेल, म्हणजे लिहिता-टंकताना झालेली, तर निबंधकानं चौकशी करायची आणि खात्री पटली की दुरुस्त करायची. चूक मजकुरातलीच असेल, म्हणजे माहितीच चुकीची दिली गेली असेल, तर प्रकरण माहीत असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचं निवेदन लागतं. चूक काय आणि खरं काय, हे त्यांनी त्यात लिहून द्यायचं असतं. तुमचं काम पहिल्या प्रकारात बसलं तर सोपं, दुसऱ्यात गेलं तर थोडं लांबेल. कशात बसतं हे तुमच्या जूनच्या अर्जावर ठरणार आहे.

हे नीट समजून घ्या, कारण दवाखाना आणि मनपा यांच्यातली तुमची टोलवाटोलवी इथेच मिटते. बाळ दवाखान्यात जन्मलं की माहिती द्यायची जबाबदारी दवाखान्याची. ती नमुना १ मध्ये जाते. त्या नमुन्याचे दोन भाग असतात, एक कायदेशीर माहितीचा आणि एक सांख्यिकीचा. कायदेशीर माहितीचा भाग निबंधकाकडे राहतो आणि तीच जन्म नोंद. आईचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, जन्मतारीख हे सगळं तिथून आलेलं असतं. पण तुम्ही सांगता त्याप्रमाणे तेव्हा बाळाला नाव नव्हतं, म्हणजे नावाचा रकाना कोराच गेला. दवाखान्यानं ते नाव कधी लिहिलंच नाही, तर त्याच्या स्पेलिंगबद्दल दवाखाना काय पत्र देणार? नाव आलं कलम १४ खाली, तुमच्या जूनच्या अर्जातून. तो अर्ज झोनच्याच फायलीत आहे. दवाखान्यात पुन्हा जाऊ नका.

(ज्यांच्या दाखल्यावर आईवडिलांचं नाव चुकलंय, त्यांचं गणित उलटं. ती माहिती दवाखान्याकडून आलेली असते, त्यामुळे तिथे आधी दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते बघावं लागतं आणि दवाखान्याचं पत्र खरोखरच उपयोगी पडतं. मनपाच्या बाबूनं तुम्हालाही तेच सांगितलं, कारण दहापैकी बहुतेक लोक तसलीच चूक घेऊन येतात.)

म्हणून पत्राआधीचं पहिलं काम: जूनच्या अर्जाची तुमच्याकडची प्रत शोधा. पोच घेतली असेल, मोबाईलमध्ये फोटो असेल, नाहीतर टेबलावर जाऊन शांतपणे विचारा की ‘नाव नोंदणीचा अर्ज दाखवता का, इंग्रजीत मी काय लिहिलं होतं ते बघायचं आहे.’ दुपारी चारच्या सुमारास गर्दी कमी असते, तेव्हा जा. दाखवायला नकार दिला तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये फी भरून प्रत मागता येते. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण बहुतेक वेळा तेवढी वेळ येत नाही.

त्या अर्जात तीनपैकी एक गोष्ट निघेल. तुम्ही इंग्रजीत SHRAVANI लिहिलेलं असेल, तर चूक टंकणाऱ्याची आणि तुमचं काम जवळपास झालंच. तुम्ही फक्त मराठीत ‘श्रावणी’ लिहून इंग्रजी कोरं ठेवलं असेल, तरी चूक टंकणाऱ्याचीच, कारण ‘श्रावणी’चं SHARVANI होत नाही. शारदा, शर्वरी, शर्मिला ही नावं टंकून टंकून बोटं ‘shar’ वर आपोआप जातात. माझ्या हातून तर एकदा ‘वैभवी’तला शेवटचा I राहून गेला आणि मुलीच्या दाखल्यावर VAIBHAV छापलं गेलं. तिच्या आजोबांनी टेबलावर दाखला आपटला होता, आणि ते बरोबरच होते. तिसरी शक्यता अशी की घाईत तुम्हीच SHARVANI लिहून दिलं असेल. तसं निघालं तर ते लपवू नका. फाईल समोर उघडी असते, आणि ‘कार्यालयाने चूक केली’ असं लिहिलेला अर्ज तिथेच पडतो. तेव्हा सरळ लिहा की माझ्याकडून स्पेलिंग लिहिताना चूक झाली, मराठी नाव त्याच अर्जात बरोबर आहे, आणि सोबत दोन व्यक्तींचं निवेदन जोडा. एक आजी किंवा मामा, दुसरे शेजारी किंवा बारशाला हजर असलेलं कुणी. दोघांचं ओळखपत्र लावा.

पुराव्याबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. मुलीचं आधार, अंगणवाडीची नोंद, प्लेग्रुपचं ओळखपत्र, असं सगळं गठ्ठ्यानं जोडतात. पण आधार बनलं कशावरून? याच जन्म दाखल्यावरून. बहुधा त्याच्यावरही SHARVANI च असेल. जन्म दाखल्यातून निघालेला कागद जन्म दाखल्याची चूक सिद्ध करू शकत नाही, उलट ती पक्की करतो. वजन असतं त्या कागदाला जो दाखल्याच्या आधीचा आहे किंवा दाखल्यापासून वेगळा बनला आहे. तुमच्याकडे असा सगळ्यात भक्कम कागद म्हणजे जूनचा अर्ज. दुसरा म्हणजे खुद्द दाखलाच: त्यात वरच्या ओळीत ‘श्रावणी’ आणि खालच्या ओळीत SHARVANI. एकाच नोंदीत दोन ओळी एकमेकींशी जुळत नाहीत, हीच लेखनिक चुकीची खूण. लसीकरणाच्या कार्डावर डॉक्टरांनी हातानं नाव लिहिलं असेल आणि तिथे Shravani असेल, तर त्या पानाची झेरॉक्स घ्या. बारशाची पत्रिका छापली असेल तर तीही लावा. तिला कायदेशीर किंमत फारशी नाही, पण साहेबांच्या मनातली शंका तिनं जाते. चार कागद पुरे.

आता पत्र. मी तुमच्या जागी असतो तर असं लिहिलं असतं. वडिलांचं नाव आणि संदर्भातल्या तारखा मी नमुन्यादाखल घातल्या आहेत, आणि अर्ज इंग्रजीत बरोबर निघाला असं धरलं आहे.

प्रति,
मा. निबंधक, जन्म व मृत्यू नोंदणी,
(दाखल्यावर छापलेले झोन कार्यालय),
नागपूर महानगरपालिका, नागपूर.

विषय: जन्म नोंदीत बालकाच्या इंग्रजी नावात झालेली लेखनिक चूक दुरुस्त करून सुधारित जन्म प्रमाणपत्र मिळणेबाबत.

संदर्भ: १) जन्म नोंदणी क्रमांक ______, नोंदणी दिनांक १६/०२/२०२४.
२) बालकाचे नाव नोंदविण्यासाठी मी दिलेला अर्ज, दिनांक २०/०६/२०२४.

महोदय,

मी दिनेश भोयर, राहणार मानेवाडा, नागपूर, खालीलप्रमाणे विनंती अर्ज सादर करतो.

माझी मुलगी श्रावणी हिचा जन्म दिनांक १२/०२/२०२४ रोजी नागपूर येथे झाला असून त्याची नोंद आपल्या कार्यालयात वरील संदर्भ १ प्रमाणे झालेली आहे. नोंदणीच्या वेळी बालकाचे नाव ठरलेले नसल्यामुळे ते नंतर संदर्भ २ च्या अर्जाद्वारे नोंदविण्यात आले. सदर अर्जात मुलीचे नाव मराठीत ‘श्रावणी’ व इंग्रजीत SHRAVANI असे नमूद केले आहे.

प्राप्त जन्म प्रमाणपत्रात मराठी नाव ‘श्रावणी’ असे बरोबर आहे. मात्र इंग्रजी नावात SHRAVANI ऐवजी SHARVANI असे टंकलिखित झाले आहे. मराठी व इंग्रजी नावातील ही विसंगती केवळ टंकलेखनातील असून मुलीच्या नावात कोणताही बदल करण्याची माझी मागणी नाही.

दुरुस्तीचा तपशील:
नोंदीत असलेले: SHARVANI DINESH BHOYAR
असावयास हवे: SHRAVANI DINESH BHOYAR
नोंदीतील इतर सर्व मजकूर बरोबर आहे.

तरी जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ व महाराष्ट्र जन्म व मृत्यू नोंदणी नियम, २००० च्या नियम ११ नुसार सदर लेखनिक चूक दुरुस्त करून सुधारित जन्म प्रमाणपत्र द्यावे, ही विनंती.

सोबत: १) मूळ जन्म प्रमाणपत्र. २) दि. २०/०६/२०२४ च्या अर्जाची प्रत. ३) लसीकरण कार्डाची प्रत. ४) आई व वडील यांच्या ओळखपत्रांच्या प्रती.

आपले विश्वासू,
(वडिलांची सही व नाव) (आईची सही व नाव)
मोबाईल क्रमांक, दिनांक

अर्ज एका पानात बसतो, आणि तो एका पानातच बसवा. पान उलटावं लागलं की वाचणाऱ्याचा धीर सुटतो.

यातली एकेक ओळ कशासाठी आहे ते सांगतो, म्हणजे तुम्ही फेरफार करताना नेमकी कामाची ओळ उडवणार नाही. ‘प्रति’ मध्ये पदनाम स्वतःच्या मनानं घालू नका. दाखल्याच्या तळाशी ज्या पदाच्या नावानं सही आहे, ते जसंच्या तसं उतरवा, मग ते निबंधक असो की उपनिबंधक. झोनचंही तसंच. जन्माची नोंद जन्म जिथे झाला त्या हद्दीत होते, तुम्ही राहता तिथे नाही. मानेवाड्याच्या जवळचं झोन ऑफिस सोयीचं आहे म्हणून तिथे अर्ज टाकला, तर तो टपालात फिरत राहील आणि तुम्ही चकरा मारत राहाल.

संदर्भातला नोंदणी क्रमांक हा तुमच्या अर्जाचा जीव आहे. नाव घालून शोधलं तर तुमची नोंद सापडेलच असं नाही, कारण नावच चुकलेलं आहे. क्रमांक आणि नोंदणीची तारीख मिळाली की बाबूला ती दोन मिनिटांत सापडते. लोक इथे हटकून घसरतात. दाखल्यावर दोन-तीन तारखा असतात, जन्माची, नोंदणीची आणि दाखला दिल्याची, आणि अर्जात शेवटची उतरवली जाते. मी टेबलावर असताना अशा अर्जांवर पेन्सिलीनं ‘र. नं. तपासा’ असं लिहून बाजूला ठेवत असे, आणि बाजूला ठेवलेला कागद पुन्हा हाताला कधी लागेल याचा काही नेम नसे.

‘कोणताही बदल करण्याची माझी मागणी नाही’ हे वाक्य मुद्दाम घातलं आहे. शर्वाणी हे वेगळं नाव आहे ना, ही शंका साहेबांच्या मनात येण्याआधीच तिचं उत्तर कागदावर असावं. आणि ‘इतर सर्व मजकूर बरोबर आहे’ हे लिहिण्याआधी दाखला खरोखर अक्षर-अक्षर वाचा, मराठीही आणि इंग्रजीही. तुमच्या आडनावाचं स्पेलिंग, आईचं नाव, दोघांच्या ओळखपत्रांशी जुळतं का, पत्त्यातला पिनकोड. आणखी काही सापडलं तर तेही याच अर्जात, त्याच दोन ओळींच्या पद्धतीनं टाका: काय आहे, काय हवं. एकाच नोंदीवर दोनदा दुरुस्ती मागायला आलेल्या माणसाकडे तिथे संशयानं बघतात. खोटं कशाला सांगू, मीही बघत असे.

दुरुस्तीच्या ओळी मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक लिहा, परिच्छेदात गुंडाळू नका. समासातली नोंद घेणारा माणूस त्या दोन ओळी बघून उतरवणार आहे. तुम्ही लिहाल तेच उतरेल, म्हणून SHRAVANI चं एकेक अक्षर बोट ठेवून तपासा. दुरुस्तीच्या अर्जात दुरुस्तीचंच स्पेलिंग चुकलेलं मी पाहिलं आहे, बाप्पा, एकदा नव्हे.

सही दोघांची घ्या. वडील एकटे चालतात, पण आईची सही असली की घरात नावावरून वाद आहे का, हा प्रश्नच उरत नाही. घटस्फोट किंवा भांडणाच्या घरांत एक पालक नाव ‘दुरुस्त’ करून घेतो आणि दुसरा महिन्यानं तक्रार घेऊन येतो. अशा दोन-चार प्रकरणांत हात पोळलेला निबंधक मग सगळ्यांकडेच दोन सह्या मागतो.

प्रतिज्ञापत्राचं विचाराल. लेखनिक चुकीसाठी नियमात ते मागितलेलं नाही, पण पुष्कळ टेबलांवर मागतात. माझा सल्ला, मागितलं तर वाद न घालता देऊन टाका, पण न मागता करून नेऊ नका. त्यासाठी महागडा स्टॅम्प पेपर घ्यायला लावत असतील तर थांबा. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २००४ पासून माफ आहे. साध्या कागदावर चालतं, नोटरीची फी तेवढी वेगळी. आणि त्यातही ‘बदल’ हा शब्द येऊ देऊ नका. टायपिंगवाल्यांकडे नाव बदलाचा मजकूर तयारच असतो, ‘मी माझ्या मुलीचे जुने नाव बदलून’ असा. तुम्ही काही बोलायच्या आत तो छापून हातात देतात.

गॅझेट करू नका. एजंटाला त्यात पैसे मिळतात, तुम्हाला काही मिळत नाही. राजपत्रातल्या नाव बदलानं जन्म नोंदीत एक अक्षरही हलत नाही. वर ‘या मुलीचं आधीचं नाव Sharvani होतं’ असं तुम्ही स्वतःच जाहीर करून बसता. मग उद्या दुरुस्तीचा अर्ज दिलात की समोरचा तेच राजपत्र काढून म्हणेल, साहेब, तुम्हीच तर नाव बदललं म्हणता.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच खाली उतरा. थेट टेबलावर ‘ठेवून जा’ म्हटलं तर ठेवून जाऊ नका. मूळ दाखला जमा करण्याआधी त्याच्या दोन रंगीत प्रती काढून ठेवा. मे-जूनमध्ये शाळाप्रवेशाची गर्दी असते, तेव्हा टेबलावर गठ्ठे साचतात. पासपोर्टची घाई नसेल तर तो काळ टाळा.

यानंतर आत काय होतं तेही माहीत असू द्या, म्हणजे कुठे अडलं ते विचारता येईल. बाबू तुमचा अर्ज जूनच्या अर्जाशी ताडून टिपणी लिहितो. निबंधकाची खात्री पटली की समासात दुरुस्तीची नोंद होते, सही-तारीख पडते, संगणकावरची नोंद सुधारली जाते आणि झालेल्या दुरुस्तीचा अहवाल वरिष्ठांना जातो. चकरेला गेलात की ‘माझं काम झालं का’ असं विचारू नका. ‘आवक क्रमांक अमुक, टिपणी साहेबांपर्यंत गेली का?’ असं विचारा. उत्तराचा सूर बदलतो.

तोंडी नकार आला तर लेखी मागा, नम्रपणे पण लेखीच. २०२३ च्या दुरुस्तीनं या कायद्यात कलम २५क आलं आहे. निबंधकाचा आदेश किंवा कृती मान्य नसेल तर ती मिळाल्यापासून तीस दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं आणि त्याचा निर्णय नव्वद दिवसांत द्यायचा असतो. तोंडी नकाराला तारीख नसते, म्हणून अपिलाचे दिवस कुठून मोजायचे तेच कळत नाही. लेखी देतच नसतील तर माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न टाका: आवक क्रमांक अमुक या अर्जावर काय कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्यावी. माझ्या अनुभवात तो अर्ज पोचल्यावर मूळ कामच मार्गी लागतं.

नवा दाखला मिळाला की खिडकीवरून हलण्याआधी तीन गोष्टी बघा. नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख जुनीच असली पाहिजे. ती नवी दिसली तर दुरुस्ती न होता दुसरीच नोंद झालेली असण्याची शक्यता असते आणि पासपोर्टच्या वेळी ती डोकेदुखी ठरते. दाखला दिल्याची तारीख मात्र नवी हवी. आणि मराठी ‘श्रावणी’ तशीच आहे ना, हे बघा. इंग्रजी सुधारताना मराठी शर्वाणी झाल्याचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

मग आधी आधार सुधारून घ्या आणि नंतर पासपोर्टचा अर्ज भरा. तुमची मुलगी १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेली आहे, त्यामुळे पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, शाळेचा किंवा दुसरा कागद चालत नाही. आधारवर SHARVANI आणि दाखल्यावर SHRAVANI असं घेऊन गेलात तर तिथे पुन्हा हीच कहाणी सांगावी लागेल. आवक शिक्का मारलेली अर्जाची प्रत तोवर जपून ठेवा. आधार केंद्रावर जुना आणि नवा दाखला वेगळा का, असं विचारलं तर तीच दाखवायची.